'गुड' हा शेरा चांगला नसतो: अन्याय्य मूल्यमापनाला सामोरं जाण्याआधी

एप्रिल उजाडला की केंद्र सरकारच्या कार्यालयांत एपारचा, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवालाचा हंगाम सुरू होतो. जुने लोक याला अजूनही 'सीआर' म्हणतात. साधारण वेळापत्रकाप्रमाणे 15 एप्रिलपर्यंत आपण आपल्या कामाचा आढावा लिहून द्यायचा, 30 जूनपर्यंत प्रतिवेदन अधिकाऱ्याने म्हणजे वरिष्ठाने त्यावर गुण आणि शेरा द्यायचा, 31 जुलैपर्यंत त्याच्या वरच्या पुनर्विलोकन अधिकाऱ्याने तो तपासायचा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवी पहिल्यांदा आली आणि पगाराची नोकरीही पहिल्यांदाच. 'सीआर कसा सांभाळायचा' हे जेवताना सांगणारा काका-मामा आपल्याकडे नव्हता. त्यामुळे वरिष्ठाचा पूर्वग्रह वर्षभर जाणवत असेल, तर हे तीन-चार महिने झोप उडवणारे जातात.

ही झोप नेमकी कशाने उडते, ते आधी पाहू. वाईट शेरा मिळेल ही भीती त्यात असतेच. पण त्याहून जास्त कुरतडतो तो एक प्रश्न: शेरा वाईट आला तर तो माझ्या कामाबद्दल असेल की माझ्या आडनावाबद्दल? समाजमानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली अमेरिकेत यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका गोऱ्या विद्यार्थ्याकडून अभिप्राय मिळत होता. काहींना सांगितलं होतं की तो तुम्हाला पाहू शकतो, काहींना सांगितलं की पडदा बंद आहे. पाहणाऱ्याकडून वाईट अभिप्राय आला तेव्हा विद्यार्थ्यांनी तो पूर्वग्रहाच्या खात्यावर टाकला आणि त्यांचा आत्मसन्मान बराचसा शाबूत राहिला. पण पाहणाऱ्याकडून चांगला अभिप्राय आला तेव्हा त्यांचा आत्मसन्मान उलट घसरला, कारण त्या कौतुकावरही भरवसा ठेवता येईना. म्हणजे पूर्वग्रहाच्या सावलीत माणूस टीकेपासून थोडा वाचतो, पण स्वतःच्या कामाचं खरं माप मात्र हरवून बसतो. मनाची तयारी म्हणजे हे माप वरिष्ठाच्या शेऱ्यावर न सोडता आधीच आपल्या हातात घेणं.

त्यासाठी अहवालाची रचना माहीत हवी. एपारमध्ये 1 ते 10 गुण असतात. कामाच्या निष्पत्तीला 40 टक्के वजन, वैयक्तिक गुणांना 30 टक्के आणि कार्यक्षमतेला 30 टक्के. सरासरी 8 ते 10 आली तर 'आउटस्टँडिंग', 6 ते 8 च्या आत 'व्हेरी गुड', 4 ते 6 च्या आत 'गुड'. ऐकायला 'गुड' चांगलंच वाटतं. पण 2016 पासून एमएसीपीसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वेतनवाढीच्या टप्प्यासाठी, 'व्हेरी गुड' हा किमान दर्जा आहे. 'गुड' म्हणजे गोड शब्दात बंद केलेला दरवाजा.

हा दरवाजा न्यायालयात उघडा पडला तो देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात. देव दत्त सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. बढतीसाठी पाच वर्षं 'व्हेरी गुड' लागत होतं. त्यांच्या 1993-94 च्या अहवालात 'गुड' होतं आणि त्या एका शब्दावर बढती अडली. तेव्हाच्या पद्धतीत फक्त प्रतिकूल शेराच कळवायचे. 'गुड' प्रतिकूल नव्हता, म्हणून कोणी कळवलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2008 मध्ये आला, तोवर ते निवृत्त झाले होते. न्यायालयाने सांगितलं की लष्कर वगळता सार्वजनिक सेवेतल्या प्रत्येकाला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, कारण लपवलेला शेरा संविधानाच्या कलम 14 मध्ये बसत नाही. 2013 मध्ये सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच कायम केलं. मे 2009 च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे पूर्ण अहवाल आपल्याला दाखवतात, त्यावर निवेदन द्यायला 15 दिवस मिळतात आणि सक्षम अधिकाऱ्याने ते मिळाल्यापासून 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. 15 दिवसांत काही दिलं नाही, तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरलं जातं.

या 15 दिवसांची कल्पना असणं हीच मनाची अर्धी तयारी. जूनमध्ये वरिष्ठ काय लिहितोय यावर तुमचा ताबा नसतो, म्हणून त्या काळात त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसण्याचा उपयोग नाही. तुमच्या हातात दोनच वेळा असतात: एप्रिलमधला आढावा आणि अहवाल हाती आल्यानंतरचे 15 दिवस.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, विदर्भातल्या खेड्यातून आलेली एक पदवीधर लखनौच्या एका केंद्रीय कार्यालयात निवृत्तिवेतनाची प्रकरणं पाहते. वर्षाचं उद्दिष्ट 240 प्रकरणांचं होतं, तिने 252 निकाली काढली. दोन महिन्यांचं मासिक विवरणपत्र मात्र चार-चार दिवस उशिरा गेलं. वरिष्ठ तिच्या हिंदीच्या ढंगावर सगळ्यांसमोर हसतो आणि तिला कोट्यातली म्हणतो. आढाव्यात 'मी अत्यंत मेहनतीने काम केले' असं लिहिलं तर तो ते एका ओळीत खोडू शकतो. 'उद्दिष्ट 240, निकाली 252. प्रलंबित 18, त्यांपैकी 11 मध्ये वारसांची कागदपत्रं येणं बाकी, तसं पत्र पाठवल्याच्या तारखा सोबत' असं लिहिलं तर खोडायला त्याला आकडे लागतील. उशिराची विवरणपत्रंही तिने आढाव्यात कारणासह स्वतःच लिहावीत. ज्या उणिवेवर उद्या बोट ठेवलं जाणार, ती आज आपल्या शब्दांत नोंदवली की तिचा आकार खरा राहतो.

आता अहवाल आला. कामाला 7, वैयक्तिक गुणांची सरासरी 4, कार्यक्षमतेला 6. हिशेब: 2.8 अधिक 1.2 अधिक 1.8 म्हणजे 5.8. दर्जा 'गुड'. शेरा: 'संवादकौशल्य सुधारावे. सहकाऱ्यांत मिसळत नाही. विवरणपत्रे विलंबाने.' वैयक्तिक गुणांत 4 ऐवजी 5 असते तर बेरीज 6.1 झाली असती आणि दर्जा 'व्हेरी गुड'. कामाचे आकडे स्पष्ट असल्यामुळे तिथे हात घालणं कठीण गेलं. पूर्वग्रहाला जागा मिळाली ती जिथे मोजपट्टी सैल आहे तिथे, आणि तिथल्या एका गुणाने निकाल फिरला. स्वतःच्या अहवालात हा हिशेब करून पाहा. कामाचे गुण चांगले आणि 'स्वभाव', 'संवाद', 'पुढाकार' यांचे गुण बरेच खाली असतील, तर बोट कुठे ठेवायचं ते कळेल.

पहिल्या दिवशी उत्तर लिहू नये. तारीख नोंदवून प्रत घ्यावी आणि शेऱ्यातलं प्रत्येक वाक्य सुटं करून तीन ढिगांत टाकावं: खरं आहे, पुराव्याने खोटं ठरतं, आणि नुसतं मत आहे, प्रसंग नाही. विवरणपत्रांचं वाक्य पहिल्या ढिगात जाईल. ते मान्य करायचं. बाकी दोन तिसऱ्या ढिगात, कारण कुठलाच प्रसंग दिलेला नाही. 'हे माझ्या कामाबद्दल की माझ्या जातीबद्दल' या प्रश्नाने मन ढवळून निघतं, कारण अख्ख्या शेऱ्याला एकच उत्तर शोधलं जातं. वाक्यं सुटी केली की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि खरी टीका घेऊनही खोटी नाकारता येते.

निवेदन एका पानाचं असावं: 'विवरणपत्रांतील विलंब मला मान्य आहे, कारण आढाव्यात दिले आहे. संवादकौशल्याबाबत वर्षभरात मला लेखी वा तोंडी सूचना मिळाली नाही आणि शेऱ्यात प्रसंग नमूद नाही. 252 प्रकरणांपैकी एकाही प्रकरणात पत्रव्यवहाराबद्दल तक्रार नाही. वैयक्तिक गुणांच्या गुणांकनाचा फेरविचार व्हावा.' मागणी एकच आणि मोजता येणारी.

यात जातीचा उल्लेख का नाही, असं काही वाचक विचारतील. जात लपवावी म्हणून नव्हे. निवेदनाचा निर्णय कागदावरच्या नोंदींवरून होतो आणि हेतूचा आरोप आला की चर्चा गुणांवरून आरोपाकडे सरकते. 'कोट्यातली' हे शब्द कोणी, कधी, कोणासमोर वापरले याची तारीखवार नोंद वेगळी ठेवावी. तिच्यासाठी मंत्रालयातला अनुसूचित जाती-जमातींचा संपर्क अधिकारी आणि कलम 338 खालचा राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग, जमातींसाठी कलम 338-अ खालचा आयोग, या स्वतंत्र वाटा आहेत. ती वाट धरायची की नाही आणि कधी, हे कोणा विश्वासू ज्येष्ठाशी बोलून ठरवावं. शेरा हाती आल्याच्या रात्री ठरवू नये.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. निवेदन फेटाळलं जाऊ शकतं. खासगी कंपनीत देव दत्तचा निकाल लागू होत नाही. तिथे मूल्यमापनाचं लेखी धोरण मागून घेणं आणि वर्षभराच्या ईमेल जपणं एवढाच आधार असतो. आणि कधी कधी आपला अंदाज चुकतो, शेरा न्याय्य येतो. तेव्हा ते कौतुक खरं मानायला तीच आकड्यांची फाइल कामी येते. क्रॉकरच्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांकडे नेमकी ती नव्हती.

फेटाळलेल्या निवेदनाचाही आदेश लेखी असतो, आणि पुढे न्यायाधिकरणात जायचं ठरलं तर पहिला कागद तोच. 15 दिवस गप्प राहणाऱ्याकडे तो कागदही नसतो. एपारचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी एक वही उघडावी आणि दर शुक्रवारी चार ओळी लिहाव्यात: काय निकाली काढलं, काय अडलं, कशामुळे, कोणाला कळवलं.