ज्यांना कळलं त्यांना कळलं?

पोस्ट जरा लांबली आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात मी इथे एक जुना ग्रुप फोटो टाकला होता. काहींना आठवत असेल. 1976 चा मे महिना, इंदूर, रामबागेतला आमचा वाडा, माझी आणि चुलतभावाची मुंज. तेवीस माणसं. मागे बाकावर नऊ उभी, मध्ये खुर्च्यांवर सहा, खाली सतरंजीवर आम्ही आठ पोरं, त्यात दोन ताजे चकोट. मी मोठ्या हौसेनं खाली लिहिलं होतं: "शिक्षामंत्री, दीड पोळी आणि आमची वानरसेना. शिधा दिला हो! ज्यांना कळलं त्यांना कळलं 😄"

घरच्यांनी हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. मला वाटलं, जमलं बुवा.

मग बाकीच्यांचं येऊ लागलं. बडोद्याच्या एका गृहस्थांनी अगदी आदरानं विचारलं, "आपल्या घरातल्या कोण शिक्षणमंत्री होत्या? मध्य भारताच्या मंत्रिमंडळात का?" ग्वाल्हेरच्या एका ताईंना वाटलं की दुष्काळात आम्ही शिधा वाटला होता, त्याचा हा फोटो. त्यांनी आमच्या घराण्याच्या दानशूरपणाला नमस्कारही केला! आणि तिसऱ्या दिवशी एक निरोप आला, तो मात्र वेगळा होता.

"दादा, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे माझे बाबा आहेत. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. माझ्याकडे त्यांचा त्या वयातला एकही फोटो नाही. पण तुम्ही त्यांचं नाव नाही लिहिलं. दीड पोळी लिहिलंत."

मी दोन दिवस उत्तर देऊ शकलो नाही.

त्या काकांना आम्ही पोरं दीड पोळी म्हणायचो, कारण आमच्याकडे पंगतीला बसले की ते दीड पोळीवर हात आखडायचे. आजी कितीही आग्रह करो, अर्धी पोळी मोडून परत करायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची. फोन केला तेव्हा त्या मुलीनं कारण सांगितलं. तिची आई नवरा जेवल्याशिवाय जेवायची नाही. म्हणून ते आमच्याकडे मान राखण्यापुरतं खायचे, आणि वर जाऊन तिच्याबरोबर पुन्हा पानावर बसायचे. जी गोष्ट सदतीस पायऱ्या चढून वर गेलो असतो तर कळली असती, ती आम्हाला इतक्या वर्षांनी कळली. म्हणजे "ज्यांना कळलं" त्यात मी स्वतःच नव्हतो.

त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते मांडायलाच ही पोस्ट आहे. ग्रुप फोटोच्या ओळीत घरातला विनोद जरूर असावा, पण त्या ओळीचा भार त्याच्यावर नसावा. विनोद काढून टाकला तरी ओळ उभी राहिली पाहिजे. माझी ओळ विनोद काढल्यावर काय उरत होती? नुसतं "आणि आमची".

आता म्हणाल, मग सगळे विनोद गाळून पंचनामाच लिहायचा का? माझा चुलतभाऊ हेच म्हणाला. "अरे, समजावून सांगितलेला विनोद म्हणजे कालची भजी. घरचा फोटो आहे, पोलिसात द्यायचाय का?" त्याचं अर्धं बरोबर आहे. विनोद गाळला तर तेवीस नावांची यादी उरते, आणि ती वाचून त्या घरात काय हवा होती ते कुणालाच कळत नाही. पण सगळे विनोद एका मापाचे नसतात. माझ्या ओळीत तीन होते, आणि तिघांना तीन न्याय लावावे लागले.

पहिला शिध्याचा. त्या फोटोत आजोबा आणि गुरुजी सोडून सगळेच्या सगळे हसताहेत. सत्तरच्या दशकातला असा फोटो सहसा मिळत नाही, स्टुडिओवाला आला की माणसं श्वास रोखून बसायची. त्यामुळे पाहणारा परका असला तरी त्याच्या मनात येतंच, की ही मंडळी हसताहेत कशाला? तर झालं असं, की आजीला ऐकू कमी यायचं. फोटोवाला हिंदीत ओरडला, "माताजी, सीधा! थोड़ा सीधा!" आजी खुर्चीतूनच म्हणाली, "शिधा? तो सकाळीच दिला की गुरुजींना!" तेवढ्यात त्यानं बटण दाबलं. हा विनोद फोटोत दिसतो आहे. तो सांगितला की परक्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. असा विनोद ओळीत राहिलाच पाहिजे, पण पूर्ण. नुसतं "शिधा दिला हो" लिहिलं की ग्वाल्हेरच्या ताईंसारखं होतं.

दुसरा शिक्षामंत्री. ही माझी धाकटी आत्या. ती हिंदी शाळेत शिकली. पाचवीत असताना तिनं पुण्याच्या मामाला पत्रात लिहिलं, "मला इथल्या शाळेत चांगली शिक्षा मिळते." मामा घाबरला, उलट टपाली विचारलं, असं केलंस तरी काय? महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत अशी एखादी शिक्षा, एखादी चेष्टा निघतेच. पुढे आत्या शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, आणि नाव आणखीच घट्ट बसलं. हे टोपणनाव तिला स्वतःला आवडतं. पण ते फोटोत दिसत नाही. म्हणून आधी पूर्ण नाव, मग कंसात टोपणनाव, आणि कारण एका वाक्यात. एका वाक्यात कारण मावत नसेल, तर तो किस्सा आहे असं समजावं. तो फोटोखाली वेगळ्या परिच्छेदात लिहावा, ओळीत कोंबू नये.

तिसरा दीड पोळी. तो मी काढून टाकला. ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस हयात नाही, त्यानं ते नाव कधी स्वतः घेतलं नाही, आणि परका वाचताना त्यातून फक्त जेवण दिसतं, तेही भाडेकरूचं, मालकाच्या पंगतीतलं. आम्ही प्रेमानं म्हणायचो हे खरं, पण प्रेम कागदावर उतरत नाही, शब्द तेवढे उतरतात. त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "किस्सा सांगा दादा, पण खरा सांगा. आणि नाव आधी." तोच मी वर सांगितला.

आता माझी दुरुस्त ओळ देतो. काही जणांना नाव जाहीर नको आहे, म्हणून इथे नावांच्या जागी अमुक लिहितो. घरच्या प्रतीत सगळी आहेत.

"रामबाग, इंदूर, मे 1976. अमुक आणि अमुक या चुलतभावांची मुंज. फोटोवाल्याच्या 'सीधा' या शब्दाला आजींनी 'शिधा' ऐकलं आणि 'सकाळीच दिला' म्हणाल्या, म्हणून सगळे हसत आहेत.
पाहणाऱ्याच्या डावीकडून. मागे उभे: अमुक, अमुक... अमुक (वरच्या मजल्यावरचे शेजारी), अमुक. खुर्चीवर: अमुक (आजोबा), अमुक (आजी), अमुक (धाकटी आत्या, शाळेतल्या पत्रात शिक्षणाला 'शिक्षा' लिहिल्यापासून घरात 'शिक्षामंत्री')... खाली बसलेली मुलं: ..."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. ठिकाण, साल आणि प्रसंग पहिल्याच ओळीत आहेत, कारण मोबाईलवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकी "आणखी पाहा"च्या खाली जातं. आणि "पाहणाऱ्याच्या डावीकडून" लिहिलं आहे, नाहीतर कुणी फोटोतल्या माणसांची डावी बाजू धरतं आणि काकाचा मामा होतो.

ओळ बरोबर झाली की नाही हे घरच्या जुन्या माणसाला विचारू नका, तो मनातल्या मनात गाळलेलं भरून घेतो. मी आमच्या सूनबाईला दाखवली. ती कोथरूडची, लग्नाला दोनच वर्षं झाली आहेत. "कळलं का?" असं विचारलं असतं तर तिनं सासऱ्याचा मान राखून हो म्हटलं असतं. म्हणून म्हटलं, "सांग बरं, यात शिक्षामंत्री कुठली, आणि हे हसताहेत कशाला?" तिनं आत्यावर बोट ठेवलं, शिध्याचं सांगितलं आणि हसलीही. मग म्हणाली, "बाबा, पण खुर्चीवर शेवटी कोण? नाव लिहिलंय, पण आपली कोण ते नाही." त्या माझ्या आजीच्या बहीण, बऱ्हाणपूरच्या. नातं लिहायचं राहूनच गेलं होतं. विनोद समजावण्याच्या नादात माणूस सुटतो तो असा.

एक शेवटचं. फोटो सेव्ह करून कुणी पुढे पाठवला की खालचा मजकूर इथेच राहतो, फोटो एकटाच फिरतो. म्हणून मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं हीच ओळ लिहिली आहे. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे चेहऱ्यावर वळ उठतात.

त्या मुलीला फोटोची मोठी प्रत काढून पाठवली. पाठीवर तिच्या बाबांचं पूर्ण नाव होतं. तिचा उलट निरोप आला, "दादा, मुलांना दाखवला. आणि दीड पोळीचं पण सांगितलं. खूप हसली."

आता "ज्यांना कळलं त्यांना कळलं" हे वाक्य मी फोटोखाली लिहिणार नाही. ज्यांना कळलंय त्यांना ओळीची गरजच नसते हो. ती लागते बाकीच्यांना.