सावित्रीकाठून : गर्दी आणि गल्ला

मुंबईहून बोटीने बाणकोटच्या खाडीतून येणारा उतारू ज्या काळी दासगावच्या बंदरात उतरे, आणि 1927 च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेकरिता निघालेले डॉ. आंबेडकरही बोटीने येऊन येथेच उतरून सहकाऱ्यांसह पायी महाडास गेले, त्या काळी प्रवाशाच्या खर्चातला काही अंश गावात राहणे ओघानेच येई. आज रायगडास निघालेली मोटार महामार्गावरून दासगाव केव्हा मागे पडले हे न कळताच पुढे जाते. पर्यटनाने स्थानिकांना रोजगार मिळतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच किती माणसे आली यापेक्षा ती कोणत्या वाटेने आली आणि कोठे थांबली, असा विचारला पाहिजे. पाचाड, हिरकणीवाडी आणि गडावरची विक्रेती मंडळी व वाटाडे यांच्याशी सवडीने बोलत गेल्यावर माझी ही समजूत अधिकच पक्की झाली.

चित्‌दरवाज्यापासून चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढणारा माणूस वाटेत दहा ठिकाणी बसतो, आणि जेथे तो बसतो तेथेच लिंबू-सरबताचा, काकडीचा, ताकाचा धंदा उभा राहतो. 1996 मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला, तेव्हापासून वृद्धांना आणि लेकुरवाळ्यांना गडदर्शन घडू लागले, हे निर्विवाद चांगले झाले. परंतु चार-पाच मिनिटांत वर पोचणाऱ्याला ना तहान लागते ना दम. पायऱ्यांवरच्या बाईंचे गिऱ्हाईक अशा रीतीने हिरकणीवाडीच्या वाहनतळाकडे वळले आणि तेथे उपाहारगृहे व दुकाने उभी राहिली. एकूण उलाढाल वाढली असेलही, पण तिचे हात बदलले, आणि नुसत्या बेरजेत ही अदलाबदल दिसत नाही.

विक्रेत्यांच्या मुलाखती घेणाऱ्याची खरी फसगत ‘नफा किती?’ या प्रश्नात होते. समजा, लिटरभराच्या बारा बाटल्यांचे एक खोके पायथ्याशी दीडशे रुपयांना मिळाले आणि वर बाटली तीस रुपयांस गेली, तर विकणारी बाई ‘दोनशे दहा सुटले’ असे सांगेल आणि प्रश्नकर्ता ते मुकाट्याने वहीत टिपून घेईल. पण बारा किलोंचे ते ओझे तिनेच डोक्यावर वाहून नेलेले असते. तेच दुसऱ्याकडून नेववले आणि त्याला शंभर रुपये हमाली द्यावी लागली, तर नफा एकशे दहावर येतो. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणून नोंदतो त्याचा निम्म्याच्या आसपास भाग तिची स्वतःची मजुरी असते. याकरिता ‘माल कोणी चढवला, उरलेला कोणी उतरवला, आणि बाई येथे बसल्यावर घरची गुरे कोणी राखली?’ असे विचारावे. उत्तर आपसूक मिळते आणि कुटुंबाचा जमाखर्च उघडा पडतो.

वाटाड्याचे गणित निराळे आहे. त्याला पैसे मिळतात ते टोळीमागे, माणसामागे नव्हे. त्यामुळे पाच जणांचे कुटुंब आणि चाळीस विद्यार्थ्यांची सहल यांत त्याच्या घशाला पडणारी कोरड वेगळी असली तरी मोबदल्यात तेवढे अंतर पडत नाही. परतीच्या पाळण्याची वेळ ज्यांच्या डोक्यात घोळत असते त्यांना राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर आणि समाधी एवढेच हवे असते. टकमक टोकापर्यंत निवांत हिंडणारा श्रोता दुर्मीळ होत चालला आहे, अशी एका वाटाड्याने केलेली तक्रार मला केवळ पैशांची वाटली नाही.

राज्याभिषेकाच्या सोहळ्याला तर गडावर मुंगीला वाव नसतो, तेव्हा त्या दिवशी गल्ला ओसंडत असेल असे आपण गृहीत धरतो. परंतु त्या दिवशी येणारे बहुधा आपापल्या मंडळांबरोबर येतात, अन्नछत्रात जेवतात, आणि त्यांना इतिहास सांगायला वाटाड्याची गरज नसते. पिठले-भाकरीची ऑर्डर घेणाऱ्या गडावरच्या एका धनगर बाईंच्या मते मोठ्या सोहळ्यापेक्षा थंडीतले साधे शनिवार-रविवार बरे, कारण त्या दिवसांत किती पीठ मळायचे याचा अंदाज येतो.

गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्यामुळे तेथे पक्की शेड उभारण्याची सोय नाही. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई करणारा कायदा वास्तूच्या हिताचा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र त्यामुळे विक्रेत्याचे छप्पर प्लास्टिकच्या कागदाचेच राहते आणि मृगाचा पाऊस लागला की हंगामच गुंडाळला जातो. मे महिन्यात रविवारी घेतलेल्या मुलाखतीवरून वर्षाचे उत्पन्न बारा पटीने काढणारे अहवाल येथेच सपशेल कोसळतात. श्रावणात पुन्हा जाऊन तीच माणसे शोधली तर कोणी भातलावणी उरकून बसलेले भेटते, कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर गेलेले असते. आणि ज्यांनी धंदा कायमचा सोडला ते मुंबईला असल्यामुळे कोणत्याच मुलाखतीत येत नाहीत. त्यांच्या घरी पाचाडात जाऊन, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपाशी, धंदा कोणत्या वर्षी आणि कशामुळे सोडला एवढे तरी विचारून यावे.

— दासगावकर