तेलकट की कोरडी? प्रश्न अर्धाच आहे

माझ्या भाचीचा निकाह मे महिन्यात होता. आठवडाभर आधी घरीच मेकअपची तालीम झाली. तिची त्वचा तेलकट. दुकानात तिला एकच प्रश्न विचारला गेला, "ऑयली की ड्राय?" तिने "ऑयली" म्हटले आणि सिलिकॉनचा प्रायमर हाती पडला. तासाभराने नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर फाउंडेशनच्या बारीक वळ्या निघाल्या, खोडरबर घासल्यावर वहीवर उरतो तसा भुगा. "खाला, माझ्या स्किनला सिलिकॉन चालत नाही," असे म्हणत ती डबी फेकायला निघाली.

मी डबी ठेवून घेतली. दोष तिच्या त्वचेचा नव्हता, आणि प्रायमरचाही नव्हता. दोष त्या अर्ध्या प्रश्नाचा होता.

तेलकट त्वचेला सिलिकॉन आणि कोरडीला पाण्याचा प्रायमर, हा नियम सर्रास सांगितला जातो. तो साफ खोटा नाही. डायमेथिकोनसारखे सिलिकॉन त्वचेवर पातळ, मऊ थर पसरवते, रंध्रांचे खड्डे भरल्यासारखे दिसतात, आणि सोबत सिलिका असेल तर ती थोडे तेल शोषते. म्हणून तेलकट चेहरा काही तास मॅट राहतो. पाण्याच्या प्रायमरमध्ये बहुधा ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड असते. ते ओलावा धरतात, म्हणून कोरड्या गालांना ते बरे वाटतात.

पण नियम इथेच संपतो आणि अपवाद सुरू होतात. डायमेथिकोन त्वचेतला ओलावा उडून जाणेही कमी करते, म्हणूनच ते फाटलेल्या हातांच्या क्रीममध्येही घालतात. त्यामुळे कोरड्या त्वचेने त्याला घाबरायचे कारण नाही. फक्त ते स्वतः ओलावा देत नाही, म्हणून आधी मॉइश्चरायझर हवे. उलट पाण्याच्या एखाद्या जेलच्या यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी अल्कोहोल डिनॅट असेल, तर तेच जेल कोरड्या गालांना ताणून धरते. मी एकदा थंडीत असे जेल लावले आणि दुपारपर्यंत तोंडाभोवती पापुद्रे दिसू लागले. इथे एक खुलासा: सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल यादीत दिसले तर घाबरू नये. ती मेणासारखी, त्वचा मऊ करणारी द्रव्ये आहेत. नाव सारखे, स्वभाव वेगळा.

म्हणजे डबीवरचा "ऑयली" किंवा "ड्राय" हा शब्द पुरेसा नाही. दुकानदाराने विचारायला हवा होता तो दुसरा प्रश्न: याच्यावर काय लावणार?

भाचीचे फाउंडेशन पाण्याचे होते. सिलिकॉन पाण्याला जवळ करत नाही. त्या गुळगुळीत थरावर पाण्याचे फाउंडेशन नीट बसत नाही, आणि ब्रशने घासले की दोन्ही मिळून वळ्या होतात. पाण्याखाली पाणी, सिलिकॉनखाली सिलिकॉन, हे सूत्र त्वचेच्या प्रकाराआधी पाहायला हवे. अपवाद असतात, पण पैसे घालवण्याआधी धरायला हे सूत्र चांगले.

अडचण अशी की फाउंडेशन कशाचे, हे यादीच्या पहिल्या शब्दावरून कळत नाही. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, म्हणून पहिला शब्द बहुतेकदा पाणी, म्हणजे ॲक्वा, असतो. पण लगेच त्यामागे शेवटी "कोन" किंवा "सिलॉक्सेन" असलेली नावे आली, तर समजावे की पाण्याचे थेंब बहुधा सिलिकॉनमध्ये अडकवलेले आहेत. बाजारातली कितीतरी लिक्विड फाउंडेशन अशीच असतात. त्वचेला आधी भेटते ते सिलिकॉन.

यादी वाचूनही शंका राहिली तर वर्गात करता येईल असा प्रयोग आहे. ग्लासभर पाण्यात फाउंडेशनचा एक थेंब टाकायचा आणि चमच्याने ढवळायचे. दुधासारखे विरघळून पाणी गढूळ झाले तर बाहेरचा थर पाण्याचा. थेंब गोळा होऊन राहिला, काठाला चिकटला, तर बाहेर सिलिकॉन किंवा तेल. आम्ही भाचीचे फाउंडेशन टाकले, पाणी लगेच गढूळ झाले. प्रायमर टाकला, त्याचा गोळा तसाच तरंगत राहिला. भांडण डोळ्यांसमोर दिसले.

मग उपाय सोपा होता. प्रायमर ठेवून फाउंडेशन बदलायचे, किंवा उलट. फाउंडेशनचा रंग तिला नेमका जुळला होता, म्हणून आम्ही प्रायमर बदलला. पाण्याचे, नियासिनमाइड असलेले, अल्कोहोल वर नसलेले जेल घेतले. तेलकट त्वचेला पाण्याचा प्रायमर! नियमाच्या विरुद्ध, पण वळ्या निघाल्या नाहीत. प्रमाण वाटाण्याएवढे, संपूर्ण चेहऱ्याला. सनस्क्रीन लावून दहा मिनिटे थांबायचे, प्रायमर लावून दोन मिनिटे. फाउंडेशन घासायचे नाही, ओल्या स्पंजने थापायचे. नाकाभोवती चमक आलीच, पण ती टिश्यूने टिपली आणि वर थोडी पावडर लावली. मे महिन्यात तेल येणार नाही असे कोणताच प्रायमर करू शकत नाही.

तिसरा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो: हे निघणार कसे, आणि वुजूचे काय? वुजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचायला हवे, हे आपण लहानपणीच शिकतो. सिलिकॉनच्या थरावर पाणी मोत्यासारखे घरंगळते, हाताच्या पाठीवर लावून पाहा. नुसत्या पाण्याने तो थर निघत नाही. पण "वॉटर-बेस्ड" वाचून "हे पाण्याने जाईल" असे समजणेही चूक आहे. त्या शब्दाचा अर्थ मिश्रण पाण्यात केले आहे, एवढाच. मेकअप टिकावा म्हणून त्यात पातळ पडदा बनवणारी द्रव्ये असू शकतात, आणि पाणी उडाले तरी तो पडदा राहतो. कोणता थर अडथळा मानायचा हे ठरवणे आलिमांचे काम, माझे नाही. माझे म्हणणे इतकेच की "वॉटर-बेस्ड" हा शब्द या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

म्हणून आम्ही वेळ अशी आखली: मेकअपच्या आधी वुजू, आणि तो राहील तोवरच्या नमाजा त्याच वुजूवर. त्यानंतर लागला तर मेकअप उतरवायचा. कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल मिनिटभर चोळायचे, मग थोडे पाणी घेऊन ते दुधाळ करायचे, धुवायचे, आणि शेवटी साधा फेसवॉश. आधीच चेहरा ओला केला तर तेल सिलिकॉनला नीट भिडत नाही. रात्री हा थर तसाच ठेवून झोपले की सकाळी पुळ्यांचा दोष प्रायमरला दिला जातो. बऱ्याचदा दोष न धुतलेल्या रात्रीचा असतो.

सिलिकॉनची ती जुनी डबी आता माझ्याकडे आहे. माझी त्वचा कोरडी आणि फाउंडेशन सिलिकॉनचे. खाली मॉइश्चरायझर लावले की दोघांचे छान जमते. दुकानात विचारले असते तर ती डबी मला कुणी दिलीच नसती.