जुना आकडा उणे असला तर?

बालदोस्तांनो, शेकडा वाढ काढायची रीत तुम्हाला पाठच असेल. नव्या आकड्यातून जुना वजा करा, उत्तराला जुन्याने भागा नि 100 ने गुणा. आज या रीतीला जरा अडचणीत पकडू या!

समजा, शाळेच्या आनंदमेळाव्यात तीन स्टॉल आहेत. गेल्या वर्षीपेक्षा ज्याची प्रगती जास्त, त्याला बक्षीस. भेळवाल्यांचा नफा 200 रुपयांवरून 250 झाला. वाढ 50 रुपयांची, म्हणजे 25 टक्के. ठीक.

सरबतवाल्यांना गेल्या वर्षी 20 रुपये तोटा झाला होता, यंदा 30 रुपये नफा झाला. तोटा म्हणजे उणे नफा, म्हणून जुना आकडा −20. आता 30 मधून −20 वजा केले की येतात 50. त्याला −20 ने भागून 100 ने गुणा. उत्तर −250! म्हणजे अडीचशे टक्के घट? अहो, ती पोरं तर तोट्यातून नफ्यात आली!

पुढची गंमत बघा. भजीवाल्यांचा तोटा 20 चा 40 झाला. −40 मधून −20 वजा केले की उरतात −20. त्याला −20 ने भागलं की 1, म्हणजे 100 टक्के वाढ. घ्या! बक्षीस भजीवाल्यांना!

असं का झालं? टक्केवारीत जुना आकडा म्हणजे मोजायची पट्टी. ती उणे असली की उत्तराचं चिन्ह उलटतं.

काहीजण भागताना जुन्या आकड्याचं उणे चिन्ह सोडून देतात. मग सरबतवाल्यांची वाढ 250 टक्के येते. पण त्यांचा जुना तोटा फक्त 1 रुपया असता, तर? सुधारणा 31 रुपयांची, टक्के मात्र 3100! सुधारणा कमी नि टक्के जास्त, हे काही खरं नव्हे.

आणि जुना नफा शून्य असेल तर पट्टीच नाही. शून्याने भागता येत नाही. संगणकाच्या तक्त्यात तिथे `#DIV/0!` असं उमटतं. कुणी त्या जागी 100 टक्के लिहून मोकळे होतात. पण मग शून्यावरून 30 झाले काय नि 300 झाले काय, दोन्ही सारखेच दिसतील.

अशा वेळी सरळ रुपयांत लिहावं: ‘20 रुपये तोटा होता, आता 30 रुपये नफा, सुधारणा 50 रुपयांची.’ टक्केच हवे असतील तर विक्रीचे काढा. विक्री कधी उणे नसते. फक्त गेल्या वर्षी काही विकलं गेलेलं हवं!

आता एक तुमच्यासाठी. तोटा 40 रुपयांचा 10 झाला. नफ्याच्या रीतीने उत्तर −75 येतं. पण तोटाच मोजायचा ठरवला, आकडे 40 आणि 10 घेतले, तर? तरीही −75च! मग यातलं कोणतं उत्तर खरं बोलतं, आणि का? वहीत मांडून पाहा.