विश्लेषण : शिष्टमंडळाला मिळालेल्या आश्वासनाचे पुढे काय होते? बैठकीचे इतिवृत्त कसे वाचावे?

पाण्याचा कमी दाब, तुंबलेले नाले, रखडलेले रस्ते अशा प्रश्नांवर रहिवाशांचे शिष्टमंडळ पालिका अधिकाऱ्याला भेटते. तासभर चर्चा होते, निवेदन दिले जाते, छायाचित्र निघते आणि ‘अधिकाऱ्यांनी सकारात्मक प्रतिसाद दिला’ असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर येतो. तीन महिन्यांनी तेच रहिवासी पुन्हा त्याच दालनात बसलेले असतात. मधल्या काळात काय झाले, याचे उत्तर बहुतेक वेळा बैठकीच्या इतिवृत्तात असते. इतिवृत्त तयारच झाले नसेल, तर त्या नसण्यातही ते असते.

इतिवृत्त म्हणजे आदेश का?

नाही. इतिवृत्त म्हणजे बैठकीत काय मागितले गेले, काय सांगितले गेले आणि काय ठरले याची कार्यालयीन नोंद. आदेश वेगळा निघावा लागतो आणि तो संबंधितांना कळवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने बच्चित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1962 मधील निकालात नस्तीवर लिहिलेला शेरा आणि रीतसर कळवलेला आदेश यांत स्पष्ट फरक केला होता. मंत्र्याचा नस्तीवरील शेरासुद्धा रीतसर आदेश निघून कळवला जाईपर्यंत बंधनकारक ठरत नसेल, तर दालनात तोंडी दिलेल्या शब्दाचे वजन किती, हे वेगळे सांगायला नको.

तरीही इतिवृत्त निरुपयोगी नसते. प्रश्न कार्यालयाला कोणत्या तारखेला माहीत झाला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने तो ऐकला आणि कोणती मुदत दिली, याचा तो पुरावा असतो. अधिकाऱ्याची बदली झाली तरी नस्ती त्याच टेबलावर राहते. म्हणूनच नोंदीत नावापेक्षा पदनाम महत्त्वाचे. ‘साहेबांनी सांगितले’ या वाक्याला बदलीनंतर अर्थ उरत नाही. ‘कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा विभाग’ असे लिहिलेले असेल, तर त्या खुर्चीवर येणाऱ्या नव्या अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

आश्वासनाचे वजन शब्दांतून कसे ओळखावे?

कार्यालयीन मराठीत काही वाक्ये वर्षानुवर्षे ठरलेली आहेत. ‘नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण, काय, कधी यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ‘प्रस्ताव वरिष्ठांकडे सादर करण्यात येईल’ यात कृती आहे, पण ती कागद पुढे पाठवण्यापुरतीच. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात येईल’ याचा अर्थ आज तरतूद नाही, असा असतो. ‘तपासून पाहू’ म्हणजे निर्णय झालेला नाही. ही वाक्ये खोटी नसतात. पण त्यांना आश्वासन समजणे ही रहिवाशांची चूक ठरते.

याउलट, ‘उपअभियंता 20 जानेवारीपर्यंत जागेची पाहणी करून अहवाल सादर करतील’ या वाक्यात करणारा, काम आणि तारीख तिन्ही आहेत. 21 जानेवारीला अहवाल आहे की नाही, एवढा साधा प्रश्न विचारता येतो. इतिवृत्तातील प्रत्येक मुद्द्याला ही एकच कसोटी लावावी : ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी ‘झाले की नाही’ याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल का?

तारीख खरी की नुसती दिलेली?

हे समजण्यासाठी एक नमुना पाहू. समजा, एका महापालिका हद्दीत जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सहा इमारतींना पाणी कमी दाबाने मिळते. 6 जानेवारीला शिष्टमंडळ कार्यकारी अभियंत्यांना भेटते. मागण्या तीन आहेत : पाण्याची वेळ आणि दाब सुधारावा, गढूळ पाणी येते त्याची तपासणी व्हावी आणि जुनी अरुंद वाहिनी बदलून मोठ्या व्यासाची टाकावी. अधिकारी तिन्ही मान्य करतात आणि म्हणतात, ‘मार्चअखेर सगळे होईल.’

या तीन कामांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. पहिले काम बरेचसे झडपांच्या वेळापत्रकाचे आहे. कोणती झडप कधी आणि किती फेरे उघडायची, हे विभागीय पातळीवर ठरते. त्यासाठी निविदा लागत नाही. आठवडाभराची मुदत येथे वाजवी आहे. मात्र टोकाला दाब वाढवला की वरच्या वस्तीचे पाणी कमी होऊ शकते, म्हणून हा बदल काही दिवसांत गुपचूप मागे घेतला जातो. रहिवाशांनी 15 लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागतात, हे रोज एकाच वेळी लिहून ठेवले, तर तो बदल लगेच दिसतो. ‘पाणी कमी येते’ या तक्रारीपेक्षा हा तक्ता अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

दुसऱ्या मागणीत ‘नमुने तपासू’ एवढेच लिहिले गेले, तर नमुना कदाचित टाकीजवळ घेतला जाईल आणि तो चांगलाच निघेल. प्रश्न टोकाच्या नळाचा आहे. म्हणून नोंदीत नमुना कोणत्या इमारतीच्या नळातून घ्यायचा, किती दिवसांत घ्यायचा आणि अहवालाची प्रत रहिवाशांना द्यायची, हे हवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलीटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत. ग्राहकाच्या नळाशी शिल्लक क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवे. अहवाल हाती आला की हे दोन आकडे पाहता येतात.

खरी अडचण तिसऱ्या कामात आहे. नवी वाहिनी टाकण्यासाठी आधी पाहणी, मग अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पात तरतूद, निविदा, स्थायी समितीची किंवा प्रशासक असल्यास त्याची मंजुरी, करारनामा, कार्यादेश आणि शेवटी रस्ता खोदाईची परवानगी असा प्रवास असतो. जानेवारीत अंदाजपत्रकच तयार नसेल, तर मार्चअखेर वाहिनी पडणे शक्य नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शहरांत खोदाई थांबवली जाते आणि ती साधारण ऑक्टोबरनंतर सुरू होते. म्हणजे हे काम खरे तर पुढच्या हिवाळ्याचे आहे.

मग कोणती तारीख मागावी?

काम पूर्ण होण्याची नव्हे, तर पुढच्या टप्प्याची. या नमुन्यात सर्वांत मोलाची तारीख आहे अंदाजपत्रकाची. पालिकेचे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि त्याआधीच्या आठवड्यांत अर्थसंकल्पाला आकार येतो. त्यापूर्वी अंदाजपत्रक लेखा विभागाकडे पोहोचले नाही, तर कामाला तरतूद मिळत नाही. मग एक तर दुसऱ्या कामाचा निधी वळवावा लागतो, नाही तर वर्षभर थांबावे लागते. म्हणून ‘मार्चअखेर वाहिनी’ या गोड आश्वासनापेक्षा ‘10 फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक मान्यतेसाठी सादर’ ही रूक्ष नोंद रहिवाशांच्या अधिक फायद्याची आहे. पहिली चुकली हे एप्रिलमध्ये कळते, तेव्हा वर्ष हातातून गेलेले असते. दुसरी चुकली हे 11 फेब्रुवारीला कळते, तेव्हा अजून काही करता येते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या कामाचे कार्यादेश थांबतात, हेही तारीख मागताना लक्षात ठेवावे लागते.

इतिवृत्त मिळालेच नाही तर?

अनेकदा शिष्टमंडळाच्या भेटीचे इतिवृत्त लिहिलेच जात नाही. अशा वेळी रहिवाशांनी एक-दोन दिवसांत स्वतः पत्र द्यावे : अमुक तारखेच्या बैठकीत पुढील मुद्दे ठरले, आमच्या नोंदीत फरक असल्यास कळवावे. पत्र आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हे पत्र म्हणजे पालिकेचे इतिवृत्त नव्हे आणि उत्तर आले नाही म्हणून पालिकेने मान्य केले, असेही होत नाही. पण मुद्दे कार्यालयात लेखी पोहोचले, हे त्यातून सिद्ध होते.

त्यानंतरचा मार्ग माहिती अधिकाराचा. 10 रुपये शुल्काच्या अर्जावर 30 दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत असावा लागतो. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे ‘काम का झाले नाही?’ असे विचारणे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये डॉ. सेल्सा पिंटो प्रकरणात ‘का’ या प्रश्नाचे उत्तर ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नसल्याचे म्हटले होते. म्हणून कागद मागावा : 6 जानेवारीच्या बैठकीचे इतिवृत्त, त्यावरील अनुपालन अहवाल, अंदाजपत्रकाची प्रत आणि नस्तीवरील टिपण्या. ‘असा कागद उपलब्ध नाही’ हे उत्तर आले, तर तेही उत्तरच असते. काम सुरूच झालेले नाही, हे त्यातून लेखी मिळते.

‘निधी नाही’ हे उत्तर अंतिम का?

प्रत्येक वेळी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पालिकेची बंधनकारक आणि ऐच्छिक अशी दोन प्रकारची कर्तव्ये आहेत. पाणीपुरवठा, गटारे, सफाई ही पहिल्या प्रकारात मोडतात. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि दुर्गंधीविरोधात दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण देत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. 1980 मध्ये न्यायालयाने ते कारण फेटाळले आणि मूलभूत स्वच्छतेचे कर्तव्य निधीअभावी टाळता येत नाही, असे बजावले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्यांचा तो अधिकार आता भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे.

अर्थात हा मार्ग उद्यान किंवा सुशोभीकरणाच्या मागणीला उपयोगी नाही. आणि तो घ्यायचा झाला, तरी पहिला प्रश्न तोच येतो : पालिकेला हे कधी कळवले आणि तिने काय सांगितले? त्याचे उत्तर तारीख, पदनाम आणि आवक शिक्क्यासह हाती असलेल्या रहिवाशांचे प्रकरण तेथूनच पुढे सरकते. छायाचित्र हाती असलेल्यांना मात्र पुन्हा भेटीची वेळ मागावी लागते.