गळ्यात ट्रॅफिक जॅम नको!

ट्रॅडिशनल डेच्या सकाळी ग्रुपमध्ये एक तरी फोटो येतोच : ‘हे ओव्हर होतंय का गं?’ परवाच्या फोटोत मैत्रिणीने इमिटेशनची ठुशी घातली होती, तिच्याखाली 16 इंचांची सोनेरी चेन आणि लगेच 18 इंचांच्या चेनमध्ये ओवलेलं ऑक्सिडाइज्ड पेंडंट. तीनच दागिने, पण गळ्यात नुसती गर्दी. उत्तरं आली, ‘एक काढ’, ‘सोनेरी आणि चंदेरी एकत्र नको.’ दुसरा सल्ला आम्हाला पटत नाही. घोळ धातूंचा नव्हता, अंतराचा होता.

आजीच्या लग्नाचा फोटो नीट बघा. गळ्याला चिकटून ठुशी, मग पुतळ्यांची माळ, सगळ्यात खाली लांब मोहनमाळ. दागिने भरपूर, तरी प्रत्येक वेगळा दिसतो, कारण लांबी वेगळी आणि घडणही वेगळी. ठुशीचे बारीक मणी घट्ट बसवलेले, पुतळ्या चपट्या नाण्यांसारख्या, मोहनमाळेचे मणी सुटे आणि लोंबते. धातू मात्र एकच. आजचं ‘लेयरिंग’ म्हणजे हाच हिशोब.

या हिशोबात एक गोष्ट हमखास चुकते. चेन दोन इंच लांब घेतली तर ती दोन इंच खाली येईल, असं आपण धरून चालतो. पण चेन गळ्याभोवती दोन्ही बाजूंनी उतरते, त्यामुळे पुढच्या बाजूला ती जेमतेम एक इंचच खाली येते. त्यात पेंडंट दीड इंचाचं असेल तर ती जागा तेच खातं. म्हणून लांबीत निदान चार इंचांचा फरक हवा, आणि खाली पेंडंट लोंबत असेल तर त्याहून जास्त. घरातली शिवणाची टेप घ्या, चेन उघडून सरळ मोजा.

मैत्रिणीने मधली 16 इंची चेन काढली. ठुशी तशीच ठेवली, 18 इंचांवर ऑक्सिडाइज्ड पेंडंट, आणि खाली आईची 24 इंची मोहनमाळ. दागिने पुन्हा तीनच, पण आता गर्दी नाही. शिवाय दोन बारीक चेन एकमेकींत गुंतायच्या, तेही थांबलं. एकसारख्या लांबीच्या आणि एकसारख्या हलक्या चेन सगळ्यात जास्त गुंततात.

तरी चंदेरी पेंडंट एकटंच पडलं होतं, चुकून राहून गेल्यासारखं. तिने कानात ऑक्सिडाइज्ड झुमके घातले आणि बोटात एक तशीच अंगठी. झालं! दुसरा धातू एकाच जागी दिसला की चूक वाटते, दोन-तीन जागी दिसला की ठरवून केलंय हे कळतं. फक्त दोन्ही धातू निम्मे-निम्मे नकोत, एकाचा भार जास्त असू द्या.

अंगठ्यांनाही हाच न्याय. एका बोटात एक जाड अंगठी, शेजारचं बोट रिकामं, त्यापुढच्या बोटात दोन-तीन बारीक. ते रिकामं बोट म्हणजे ठुशी आणि पेंडंटमधली मोकळी जागाच. एका बोटात अनेक अंगठ्या चढवल्या की त्या एकट्या अंगठीपेक्षा जास्त आवळतात, म्हणून घेताना सगळ्या एकत्र घालून मूठ मिटून बघा. मिटताना काचत असेल तर एक कमी करा किंवा किंचित मोठं माप घ्या.

आता खरी काळजीची गोष्ट. आजीने दिलेली 22 कॅरेटची अंगठी स्टीलच्या अंगठीला चिकटवून घालू नका. हे सोनं मऊ असतं, स्टील कडक. दिवसभर लिहिताना, टाइप करताना, बसचा दांडा धरताना दोन्ही घासतात आणि झिजतं ते सोनं. कडेला बारीक चरे दिसू लागले, नक्षी बोथट झाली, की समजा घासणं सुरू आहे. एक ग्रॅम सोन्याच्या अंगठीचा मुलामाही आधी तिथेच उडतो आणि आतला तांबूस-पिवळा धातू डोकावतो. मुलामा पुन्हा चढवता येतो, आजीच्या अंगठीवरची झिजलेली नक्षी तशीच परत येत नाही. तिला वेगळं बोट द्या.

म्हणून नवा ‘लेयर्ड सेट’ कार्टमध्ये टाकण्याआधी घरातला डबा उघडा. तयार सेटमध्ये अंतरं कुणीतरी आधीच ठरवून दिलेली असतात, तुमच्या कुर्त्याचा गळा न बघता. टेप घेऊन बसलात तर ती तुम्हालाही ठरवता येतात. मग ‘ओव्हर होतंय का?’ असं ग्रुपवर विचारायची गरज नाही. आरशात प्रत्येक दागिना वेगळा मोजता आला, की निघा कॉलेजला!