उकळी फुटल्यानंतरचा गॅस

बँकेतील नोकरी संपली, तरी नोंदी ठेवण्याची सवय काही संपत नाही. निवृत्तीनंतर पहिल्याच चातुर्मासात मी स्वयंपाकघराच्या दाराआड एक लहानशी वही टांगली आणि सिलिंडर जोडल्याची तारीख तीत लिहू लागलो. आमचे घर पाच माणसांचे. 14.2 किलोचे सिलिंडर तेव्हा 34 दिवस पुरत असे. म्हणजे दिवसाला सुमारे 418 ग्रॅम. हा गॅस नेमका कोठे खर्च होतो, असे मी विचारले तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, वहीत डोके घालून ते कसे कळणार? एक दिवस ओट्यापाशी उभे राहा आणि पाहा."

मी उभा राहिलो. आणि जे दिसले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

आमच्याकडे पिण्याचे पाणी रोज गाळून, उकळून घेतले जाते. सकाळी आठ लिटरचे पातेले मोठ्या बर्नरवर, उघडेच ठेवलेले असे. खळखळून उकळी येई, तरी "चांगले उकळू दे" म्हणून ते आणखी पंधरा मिनिटे तसेच धडधडत राही. येथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवली. पाणी 100 अंशांना उकळू लागले की, ज्योत कितीही मोठी केली तरी ते त्याहून अधिक तापत नाही. वाढीव उष्णतेची केवळ वाफ होते. आणि ही वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास 75 किलोकॅलरी लागतात. तेच लिटरभर पाणी वाफ होऊन उडून जाण्यास त्यावर आणखी 540 किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे सातपटींहून अधिक. आमचा गॅस पाणी उकळण्यात नव्हे, तर खिडकीबाहेर वाफ पाठवण्यात जात होता.

नियमात कोणतीही सूट न घेता आम्ही दोनच बदल केले. पातेल्यावर आरंभापासून झाकण ठेवले, त्यामुळे उकळी लवकर येऊ लागली. आणि उकळी पूर्ण फुटली, म्हणजे कडेचे बुडबुडे नव्हे तर सर्व पाणी खळखळू लागले, की ज्योत बारीक करून जेवढा वेळ पाळायचा तेवढाच पाळला. बारीक ज्योतीवरही पाणी उकळतच राहते. उकळी टिकली आहे ना, एवढे झाकण किंचित सरकवून पाहावे.

दुसरी गळती कुकरमध्ये सापडली. आमच्या सूनबाई पाककृती सांगताना नेहमी शिट्ट्यांचा हिशेब देत : वरणाला चार, हरभऱ्यांना दहा. मी त्यांना म्हटले, "शिट्टी हे काही वेळेचे माप नव्हे." मोठ्या ज्योतीवर चार शिट्ट्या काही मिनिटांतच होतात, बारीक ज्योतीवर त्यांनाच दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. डाळ शिजते ती शिट्टीने नव्हे, तर आतील दाबामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास तापते त्याने. प्रत्येक शिट्टी म्हणजे तो जादा दाब बाहेर टाकला जाणे. तिच्याबरोबर वर सांगितलेली महागडी वाफच जाते.

म्हणून पहिली शिट्टी होईपर्यंत ज्योत मोठी ठेवावी, नंतर कुकर लहान बर्नरवर घेऊन ज्योत बारीक करावी आणि घड्याळ पाहावे. मोठ्या बर्नरची बारीक केलेली ज्योतही पुष्कळदा गरजेपेक्षा अधिकच असते. ज्योत योग्य आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मिनिटामिनिटाला शिट्टी होत असेल तर ती अजून मोठी आहे. शिट्टीखालची बारीक फुसफुस अगदी थांबली असेल तर दाब उतरला आहे, ज्योत किंचित वाढवावी. वेळ झाला की गॅस बंद करावा, परंतु कुकर लगेच उघडू नये. दाब आपोआप उतरण्यास जी आठ-दहा मिनिटे लागतात त्यांत आतले अन्न शिजतच असते. हा वेळ फुकट मिळालेला असतो. घाईने शिट्टी उचलून वाफ सोडणारा तो गमावतो आणि हात भाजण्याचा धोकाही पत्करतो.

आता एक उदाहरण हिशेबासह सांगतो. आमच्याकडे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, त्यामुळे उसळ दुपारी चारला कुकरमध्ये जाते. एक वाटी हरभरे कोरडेच टाकले, तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर त्यांना चाळीस मिनिटे लागली आणि तरी काही दाणे कचकचीत राहिले. दुसऱ्या आठवड्यात तेवढेच हरभरे सकाळी आठला, तिप्पट पाण्यात भिजत घातले. चारपर्यंत ते टपोरे झाले होते, पण मोड आले नव्हते. ते पंधरा मिनिटांत मऊ शिजले. भिजवल्याने पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोहोचलेले असते; कोरड्या दाण्यात ते काम गॅस जाळून करावे लागते. दाणा पुरता भिजला की नाही, हे तो नखाने फोडून पाहावे : मध्यभागी पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर आणखी वेळ द्यावा. सकाळी विसर पडला तर उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे, दीड-दोन तासांत बरेच काम होते. तूरडाळीला अर्धा तास पुरे आहे. मूगडाळ तशीही लवकर शिजते, तिला भिजवून फारसा लाभ नाही. आणि चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावेत. आंबटपणामुळे दाणा मऊ होण्यास उशीर लागतो.

झाकणाचा नियम सर्वत्र लागू पडतो असे मात्र नाही. बासुंदी आटवताना पाणी उडवणे हाच हेतू असतो, तेथे झाकणाचा उपयोग नाही. दुधावर किंवा उकळत्या आमटीवर ते थोडे तिरके ठेवावे, नाहीतर उतू जाऊन बर्नरची छिद्रे बुजतात. मग ज्योत निळी न राहता पिवळी होते, भांड्यांची बुडे काळवंडतात, आणि वाचवलेला गॅस तेथे परत जातो. ज्योतीची टोके भांड्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढत असतील, तर तीही ओटा तापवण्याची व्यवस्था समजावी. लहान भांडे लहान बर्नरवरच शोभते.

वहीत आता सिलिंडरमागे 41 दिवसांची नोंद आहे, म्हणजे दिवसाला सुमारे 346 ग्रॅम. वर्षाला पूर्वी पावणेअकराच्या आसपास सिलिंडर लागत, आता नऊही लागत नाहीत. ही तुलना मी एकाच ऋतूतील नोंदींची केली आहे, कारण उन्हाळ्यात नळाचे पाणीच कोमट येते आणि सिलिंडर आपसूक अधिक पुरते. पाहुण्यांचे दिवसही वेगळे लिहिले. वाचकांना पडताळा घ्यायचा असेल तर सिलिंडर जोडल्याची तारीख आणि घरातील जेवणाऱ्यांची संख्या एवढेच लिहावे. एका सिलिंडरवरून निष्कर्ष काढू नये, निदान दोन पाहावीत.

सौ.ना हे आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "आणि तुमचा दिवसातला चौथा चहा? तो कोणत्या खात्यात लिहिला आहे?" तेवढी नोंद राहून गेली होती. आता चहा दोघांचा एकदमच, झाकण ठेवून होतो.